साडीचा रंग सुधारताना नवरीचा चेहरा बिघडतो, सेकंडरी करेक्शनमध्ये या चुका टाळा

गेल्या सीझनला एका लग्नाचं फुटेज माझ्याकडे ग्रेडिंगला आलं होतं. नवरीचा शालू खरा डाळिंबी, पण हॉलमधले पिवळट एलईडी आणि ऑटोवर राहिलेला व्हाइट बॅलन्स, त्यामुळे व्हिडिओत तो चक्क विटकरी दिसत होता. घरच्यांचं म्हणणं एकच, बाकी काही करू नका पण शालूचा रंग आमचा आम्हाला ओळखू येऊ दे. आणि ते बरोबरच आहे, कारण त्या शालूचा रंग घरातल्या प्रत्येकाला पाठ असतो, तिथे चुकलं की बाकीचं ग्रेडिंग कितीही छान असू दे, कुणाला दिसत नाही.

मी सरळ डाविंची रिझॉल्व्ह या ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये क्वालिफायर, म्हणजे रंगावरून चित्राचा भाग निवडायचं टूल, उघडला, ड्रॉपरने शालूवर क्लिक केलं, ह्यू सरकवला, थांबलेल्या फ्रेममध्ये रंग मस्त आला. मग प्ले केलं. नवरीचे ओठ आणि हनुवटीखालची सावली जांभळट झालेली, नवरदेवाचा फेटाही बदललेला, आणि अक्षता पडायला लागल्या तर त्या कुंकू लावलेल्या तांदळांचे दाणे हवेत गुलाबी चमकतायत. हे सगळं का झालं आणि कसं सोडवलं ते सांगतो, कारण सेकंडरी करेक्शनमध्ये, म्हणजे चित्राच्या एकाच भागाचा रंग सुधारताना, साडी असो की आकाश, चुका जवळपास याच होतात.

बॅलन्सच्या आधी साडीला हात लावणं

माझी पहिली चूक ही. सगळा शॉटच पिवळा असताना मी फक्त साडी दुरुस्त करायला बसलो होतो. लग्नाच्या फुटेजमध्ये पांढऱ्याचा एक चांगला आधार आपल्याला आयता मिळतो, तो म्हणजे अंतरपाट. त्याच्यावरच्या कुंकवाच्या स्वस्तिकाच्या बाजूचा कोरा भाग बघून पहिल्या नोडमध्ये, म्हणजे सुधारणेच्या पहिल्या टप्प्यात, बॅलन्स केला, तर शालूचा विटकरीपणा अर्धा तिथेच गेला, क्वालिफायर न उघडता. अंतरपाट फार जुना पिवळसर असेल तर मात्र त्याच्यावर विसंबू नका, कुणाचा तरी पांढरा सदरा शोधा. मग वेक्टरस्कोपवर स्किन टोनची रेघ चालू करून, चेहऱ्याभोवती तात्पुरती विंडो, म्हणजे बदल आतल्या भागापुरता ठेवणारा आकार, काढून, त्वचा त्या रेघेच्या आसपास येतेय का बघा. दागिने आणि हळद यामुळे ती थोडी पिवळ्याकडे झुकते, तेवढं चालतं.

ऑर्डर पण महत्त्वाची आहे. पहिला नोड बॅलन्सचा, दुसरा साडीचा, मग व्हिनेट, आणि लूकचा लट, म्हणजे सगळ्या चित्राला तयार छटा देणारी फाइल, सगळ्यात शेवटी. लटच्या नंतर की, म्हणजे क्वालिफायरने केलेली निवड, काढायला गेलात तर लटने आधीच लाल आणि नारिंगी एकमेकांजवळ ओढलेले असतात, मग साडी आणि त्वचा वेगळी करायला जागाच उरत नाही. लॉगमध्ये शूट असेल तर आधी ते नॉर्मल कॉन्ट्रास्टला आणा, फिक्या लॉग इमेजवर सॅच्युरेशनचा फरकच इतका कमी असतो की क्वालिफायरला पकडायला काही सापडत नाही.

फक्त ह्यूवर भरवसा

खरी मेख इथे आहे. लाल, डाळिंबी, केशरी साडी आणि आपली त्वचा, ह्यूमध्ये एकदम शेजारी शेजारी असतात. वार्म लाइटमध्ये तर एकमेकांवर चढतात. म्हणून ह्यूची रेंज कितीही बारीक केली तरी गाल थोडा येतोच, आणि फार बारीक केली की साडीच्या घड्या तुटायला लागतात. पण साडीचं सॅच्युरेशन त्वचेपेक्षा बरंच जास्त असतं, फरक तिथे सापडतो. मी त्या शॉटला सॅच्युरेशनचा Low साधारण 45 पर्यंत वर नेला तर गाल आणि हात जवळजवळ पूर्ण निघून गेले, ह्यू मग उलट थोडा मोकळा सोडता आला. राहिले ओठ, कुंकू आणि हनुवटीखालची सावली, कारण तिथे सॅच्युरेशन साडीइतकंच असतं. ते क्वालिफायरने निघत नाही, त्याला विंडोच लागते, ते पुढे सांगतो.

ड्रॉपर फिरवतानाही एक गोष्ट बघा, चमकणाऱ्या घडीवर किंवा जरीवर क्लिक करू नका, तिथे रंग नसतो, लाइटचं प्रतिबिंब असतं. मध्यम उजेडातल्या घडीवर थोडं ओढा, मग प्लसच्या ड्रॉपरने सावलीतल्या घड्या मिळवा.

आणि हे सगळं करताना Shift+H दाबून हायलाइट चालू पाहिजे, शक्यतो ब्लॅक अँड व्हाइट मोडमध्ये. पांढरं म्हणजे घेतलेलं, काळं म्हणजे सोडलेलं, करडं म्हणजे अर्धवट. रंगीत चित्रात की ठीक वाटते आणि ब्लॅक अँड व्हाइटमध्ये बघितलं की पदरावर मुंग्या चालल्यासारखी वळवळ दिसते. थांबलेल्या फ्रेमवर समाधान मानू नका, याच मोडमध्ये पूर्ण शॉट प्ले करून बघा. मी तेवढंच केलं नव्हतं आणि एक अख्खी संध्याकाळ गेली.

वळवळ दिसली की ब्लर वाढवत सुटणं

हे प्रत्येक जण करतो. मॅट फिनेसमध्ये Blur Radius ओढला की की मऊ होते, छान वाटतं, आणि मग शालूच्या बाहेर गळ्यावर, मागच्या पडद्यावर डाळिंबी धूर पसरतो. आधी Clean White थोडा वाढवून साडीतली भोकं भरा, Clean Black थोडा वाढवून बाहेरचे ठिपके मारा, आणि शेवटी ब्लर. फुल एचडीला मी 4 ते 8 च्या पुढे सहसा जात नाही.

तरीही कडा कुरतडल्यासारख्या दिसत असतील तर दोष तुमच्या हाताचा नाही, फुटेजचा आहे. लग्नाचे बरेच कॅमेरे 8 बिट 4:2:0 मध्ये रेकॉर्ड करतात. म्हणजे 1920 × 1080 च्या चित्रात रंगाची माहिती फक्त 960 × 540 इतकीच साठवलेली असते, चार पिक्सेलना मिळून एक रंग. क्वालिफायर रंग बघूनच कापतो, मग त्याची कड तेवढीच जाड येणार. अशा फुटेजला उपाय एकच, बदल कमी ठेवा. रंग थोडासाच सरकवला तर खराब कड डोळ्याला दिसत नाही, हिरव्याची निळी साडी करायला गेलात की प्रत्येक डाग दिसतो.

विंडो न लावता सोडून देणं, किंवा लावून ट्रॅक न करणं

फेटा, ओठ आणि अक्षता, तिन्ही विंडोनेच सुटले. शालूभोवती कर्व्हची विंडो काढली, वरची कड खांद्यापाशी ठेवली म्हणजे चेहरा आपोआप बाहेर, सॉफ्टनेस बऱ्यापैकी दिला, आणि Ctrl+T ने ट्रॅक केलं. आता की आणि विंडो दोन्ही जिथे आहेत तिथेच बदल होतो. विंडो अगदी रेखीव काढायची गरज नाही, कड क्वालिफायर सांभाळतो, विंडो फक्त कुंपण आहे. शालूवरून पडणारे काही दाणे तरीही कुंपणात येतात, पण शालूच्याच रंगावर ते डोळ्यात भरत नाहीत.

ट्रॅक कुठे फसतो ते ठरलेलं आहे, अंतरपाट खाली येतो तेव्हा आणि हार घालताना नवरदेवाचे हात मध्ये येतात तेव्हा. ट्रॅकर त्या हाताला धरून विंडो घेऊन जातो. अशा जागी ट्रॅकरमध्ये Frame मोड घ्या, हात यायच्या आधी एक आणि गेल्यावर एक अशी विंडो हाताने बसवा, मधला बिघडलेला ट्रॅक पुसून टाका.

मग शेवटचा रंग. घरच्यांकडून दिवसाच्या उजेडात काढलेला शालूचा फोटो मागवला होता, तो शेजारी ठेवून ह्यू 50 वरून दोन-तीनच पॉइंट सरकवला आणि गॅमा थोडा खाली घेतला. डाळिंबी व्हायला तेवढं पुरलं. जास्त सरकवलं की दोन गोष्टी चुगली करतात. एक म्हणजे जरी, तिच्यात साडीचा लाल मिसळलेला असतो म्हणून ती गुलाबी पडते. दुसरी हनुवटीची खालची बाजू. साडीवरून परतलेला लाल उजेड तिथे पडलेला असतो, आणि तो तुम्ही बदललेला नसतो. म्हणून साडीचा रंग पूर्णच बदलून द्या अशी मागणी आली तर मी सरळ नाही म्हणतो, सुधारणं वेगळं, बदलणं वेगळं.

आकाशाचं थोडक्यात

प्रीवेडिंगच्या शॉटमध्ये पांढरं आकाश निळं करून द्या म्हणतात. आधी वेव्हफॉर्म बघा. आकाशाची जागा वर 1023 ला सपाट रेघ होऊन चिकटली असेल तर तिथे माहितीच नाही, कितीही निळं ओता, रंगवलेल्या भिंतीसारखं दिसणार. रेघेच्या ऐवजी जाडसर ढगाळ पट्टा दिसत असेल तर काम होतं.

इथे दिसणारी चूक म्हणजे झाडांच्या पानांभोवतीची पांढरी किनार. आकाश गडद केलं पण की पानांच्या अगदी कडेपर्यंत पोचली नाही, म्हणून जुनं उजळ आकाश किनारीत शिल्लक राहतं. In/Out Ratio ने की थोडी बाहेर ढकला, तरी राहिली तर गडदपणाच कमी करा. जोडीला वरून खाली उतरणारी लिनियर विंडो लावा, नाहीतर निळा दुपट्टा आणि तळ्याचं पाणी पण बदलतं. निळ्या चॅनेलमध्ये नॉइज सगळ्यात जास्त असतो, म्हणून आकाश फार खाली ओढलं की दाणे वर येतात.

व्हिनेट जे व्हिनेट म्हणून दिसतं

व्हिनेटमध्ये लोक गोल विंडो काढतात, उलटी करतात आणि तशीच फ्रेमच्या मधोमध सोडून देतात. नवरी डावीकडे उभी असेल तर तिचा अर्धा चेहरा अंधारात आणि मधला रिकामा चौरंग उजेडात. लंबगोल तिच्यावर आणा, चेहरा आणि हात दोन्ही मावतील इतका मोठा करा, सॉफ्टनेस भरपूर द्या म्हणजे कड कुठे सुरू होते ते कळता कामा नये, आणि ती चालत असेल तर इथेही ट्रॅक करा. अंधार गॅमाने आणा, लिफ्ट खाली ओढलीत तर काळे केस आणि मागच्या कोपऱ्यातली माणसं एकच डाग होतात.

किती करायचं ते ठरवायला नोड Ctrl+D ने चालू-बंद करून बघा. बंद केल्यावर नजर चेहऱ्यावरून भरकटली पाहिजे, पण चालू असताना कोपरे काळे आहेत असं वाटायला नको. मागे पांढरी भिंत किंवा मोकळं आकाश असेल तर नेहमीच्या निम्मंच ठेवा, कारण सपाट उजळ जागेवर 8 बिट फुटेजमध्ये पायऱ्या पडतात. एडिटिंगच्या मॉनिटरवर त्या दिसतीलच असं नाही, आणि लोक व्हिडिओ बघणार व्हॉट्सअ‍ॅपवर. म्हणून मी दहा सेकंदांचा तुकडा रेंडर करून स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो आणि फोन फुल ब्राइटनेसला ठेवून कोपरे बघतो, तिथे गोल रेघा दिसल्या की परत येऊन व्हिनेट हलकं करतो.