खर्च वेगळे असताना किमतीची स्पर्धा: उत्तर लिहिताना या चुका टाळा

कंपन्या किती माल काढायचा ते ठरवून स्पर्धा करतात या कुर्नोच्या सिद्धांतावर टीका करताना जोसेफ बर्ट्रांडने १८८३ मध्ये किमतीच्या स्पर्धेचा मुद्दा मांडला. त्यावरून पुढे उभ्या राहिलेल्या मॉडेलचं समान खर्चाचं रूप बहुतेकांना येतं: दोन कंपन्या, एकच माल, एकसारखा खर्च, आणि शेवटी किंमत खर्चाएवढी, नफा शून्य. खर्च वेगळे झाले की मात्र उत्तरपत्रिकेत एकच वाक्य येतं, ‘स्वस्तात बनवणारी कंपनी प्रतिस्पर्ध्याच्या खर्चापेक्षा किंचित कमी किंमत लावते.’ हे चुकीचं नाही. पण ते कधी लागू होतं, ‘किंचित’ म्हणजे किती आणि ‘खर्च’ म्हणजे कोणता, या तीन ठिकाणी गुण जातात.

पूर्ण लेखासाठी एकच उदाहरण धरू. एका गावात २० लिटरचे पाण्याचे जार विकले जातात. दिवसाची मागणी १०० वजा किंमत, म्हणजे ४० रुपये किंमत असेल तर ६० जार. गावाजवळच्या कंपनीला प्रत्येक जार २० रुपयांना पडतो. लांबून गाडीने जार आणणाऱ्या कंपनीला ४० रुपयांना. पाण्यात फरक नाही, त्यामुळे गिऱ्हाईक स्वस्त जार घेतं. किंमत सारखी असेल तर विक्री निम्मी-निम्मी.

मक्तेदारीची किंमत न तपासता पुढे जाणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, आणि ती टाळायला एक ओळ पुरते. जवळची कंपनी एकटीच असती तर तिने किती किंमत लावली असती? सरळ रेषेच्या या मागणीत १०० आणि २० यांची सरासरी, म्हणजे ६० रुपये. तेव्हा ४० जार विकले जातात आणि नफा १,६०० रुपये होतो. आता हे ६० प्रतिस्पर्ध्याच्या खर्चाशी ताडून पाहा. प्रतिस्पर्ध्याचा खर्च ४० असेल तर तो आड येतो. किंमत ६० ठेवली तर दूरची कंपनी ५९ला विकेल, म्हणून खाली यावंच लागतं. ३९ रुपयांना ६१ जार जातात, प्रत्येकी १९ रुपये सुटतात, नफा १,१५९ रुपये. मर्यादित नफा तो हाच: शून्य नाही, पण मक्तेदारीएवढाही नाही. इथे काही जण ३९ला सुद्धा ६० रुपयांच्या वेळचे ४० जारच धरतात. किंमत उतरली की विक्री वाढते, हे विसरू नका.

समजा दूरच्या कंपनीचा खर्च ७० आहे. सवयीने ६९ लिहिलं तर नफा ४९ गुणिले ३१, म्हणजे १,५१९ रुपये. पण ६० लावले तर १,६०० मिळतात आणि प्रतिस्पर्धी तरीही काही करू शकत नाही. तेव्हा नियम असा: मक्तेदारीची किंमत आणि प्रतिस्पर्ध्याचा खर्च यांत जे कमी, तिथे किंमत थांबते. नव्या तंत्रामुळे खर्च इतका उतरला की मक्तेदारीची किंमतच प्रतिस्पर्ध्याच्या खर्चाखाली गेली, तर त्या नवशोधाला ‘मूलगामी’ म्हणतात. १९६२ मध्ये केनेथ अॅरोने नवशोधाच्या प्रोत्साहनाचा विचार याच फरकावरून केला.

‘किंचित कमी’चा हिशेब न करणं

किंमत रुपयात आणि पैशात कितीही बारीक करता येते असं धरलं, तर ३९.९९ पेक्षा ३९.९९९ बरी, त्याहून ३९.९९९९ बरी. ‘४० च्या लगेच खालची’ अशी संख्याच नसते, म्हणून ‘समतोल ४० वजा किंचित’ हे काटेकोर उत्तर ठरत नाही. सुटका दोन प्रकारे होते. एक, किंमत सारखी असल्यास सगळी गिऱ्हाइकं जवळच्या कंपनीकडे जातात असं गृहीत धरायचं. मग किंमत थेट ४० आणि नफा १,२००. दोन, विक्री निम्मी-निम्मीच ठेवायची, पण दूरची कंपनी ४० च्या लगेच वरच्या छोट्या पट्ट्यात किंमत यदृच्छेने निवडते असं दाखवायचं. मग जवळची कंपनी नेमकी ४० लावूनही सगळी विक्री मिळवते.

किंमत पूर्ण रुपयातच लावायची असेल तर आणखी गंमत. कंसात आधी जवळच्या आणि मग दूरच्या कंपनीची किंमत लिहू. (३९, ४०) हा नॅश समतोल आहे, म्हणजे एकट्याने किंमत बदलून कोणत्याच कंपनीचा फायदा होत नाही, आणि (४०, ४१) हाही. दुसऱ्यात दूरची कंपनी ४१ वरून ४० वर आली तरी तिला जारमागे काहीच सुटत नाही, म्हणून ती हलत नाही. इतकंच काय, (३०, ३१) हाही समतोलाच्या व्याख्येत बसतो: दूरची कंपनी स्वतःच्या खर्चाखाली, ३१ ला जार देऊ करते, पण एकही विकला जात नसल्याने तिला तोटा होत नाही. असं वागण्यात तिला कधीच फायदा नाही आणि विक्री झालीच तर नुकसान आहे. तिच्यासाठी ४० लावण्यापेक्षाही ४१ लावणं कधीच वाईट नसतं आणि कधी कधी चांगलं असतं. असे दुर्बल पर्याय गाळले की फक्त (४०, ४१) उरतो. परीक्षेत ३९ लिहा किंवा ४०, पण कोणतं गृहीतक धरलं ते एका वाक्यात सांगा.

चुकीचा खर्च हाती घेणं

किंमत ठरवतो तो प्रतिस्पर्ध्याचा पुढचा एक जार विकण्याचा खर्च. त्याने यंत्रांवर आधीच घातलेला आणि परत न मिळणारा पैसा यात येत नाही. दूरच्या कंपनीचा सरासरी खर्च तो पैसा धरून ५० निघाला, म्हणून जवळच्या कंपनीने ४९ लावले, तर दूरची कंपनी ४८ ला आनंदाने विकेल, कारण प्रत्येक जारवर तिला ८ रुपये सुटतात. उलट तो पैसा अजून घालायचाच असेल, तर समतोलात आपल्याला काहीच मिळणार नाही हे ओळखून ती बाजारात येणारच नाही, आणि जवळची कंपनी निवांत ६० लावेल.

याच ठिकाणी स्वतःचा खर्च उतरला की किंमतही उतरेल असं लिहिलं जातं. जवळच्या कंपनीचा खर्च २० वरून १५ झाला तरी किंमत ३९च राहते. वाढतो तो नफा, १,१५९ वरून १,४६४ वर. किंमत हलते ती दूरच्या कंपनीचा खर्च बदलल्यावर. तो ३० झाला तर किंमत २९ आणि नफा ६३९. एकही जार न विकणारी कंपनी गिऱ्हाइकाचा असा फायदा करून देते.

आणि ३९ला ‘मारक किंमत’ म्हणू नका. भारताच्या स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ४ मध्ये अशी किंमत म्हणजे विकणाऱ्याच्या स्वतःच्या उत्पादनखर्चाखालची, स्पर्धा कमी करण्याच्या हेतूने लावलेली. ३९ हे २० च्या बरंच वर आहे.

क्षमता विसरणं

३९ ला ६१ जार मागितले जातात. जवळच्या कंपनीला दिवसाला ४५च भरता येत असतील, तर वरचं सगळं कोसळतं. सर्वांत जास्त देण्याची तयारी असलेली गिऱ्हाइकं आधी ते ४५ जार घेतात असं धरा. मग दूरच्या कंपनीसाठी मागणी उरते ५५ वजा किंमत. ती ४७.५० लावून साडेसात जार विकते आणि सुमारे ५६ रुपये कमावते. बाहेर पडत नाही. हे दिसताच जवळच्या कंपनीला ३९ वर बसणं परवडत नाही. ४७ लावूनही तिचे ४५ जार जातातच आणि नफा ८५५ ऐवजी १,२१५ होतो. मग दूरची ४६ वर येते, जवळची ४५ वर, आणि खाली येता येता दूरची कंपनी पुन्हा ४७.५० वर उडी मारते. ठरलेल्या किमतींचा समतोल राहत नाही, एजवर्थने १८९७ मध्ये दाखवलेला, किमती वरखाली फिरत राहण्याचा प्रकार सुरू होतो. म्हणून समतोल लिहिण्याआधी त्या किमतीला किती माल लागतो ते काढा आणि स्वस्त कंपनीच्या क्षमतेशी लावून बघा. इथे ६१ पेक्षा कमी क्षमता असेल तर (३९, ४०) तपासल्याशिवाय लिहू नका.