स्मरणिकेतला एक पानी गौरव संदेश: या चुका टाळा

स्मरणिकेसाठी संदेश मागणाऱ्या पत्रात "एक पानी मजकूर पाठवावा" एवढंच लिहिलेलं असतं. लिहिणारा घरी कोऱ्या कागदावर किंवा संगणकावर एक पान भरतो आणि पाठवून देतो. छापील स्मरणिका हातात येते तेव्हा शेवटचा परिच्छेद गायब असतो, नाहीतर अक्षर इतकं बारीक असतं की कुणी वाचायला जात नाही. बहुतेक गडबड इथूनच सुरू होते. म्हणून समजा, एका शाळेतल्या ग्रंथपाल बाई ३१ वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या गौरवासाठी निघणाऱ्या स्मरणिकेत आपल्याला एक पान मिळालं आहे. हेच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ.

पान न मोजता लिहायला बसणं

स्मरणिका ए-४ आकाराची असेल तर पान २१० मिमी रुंद आणि २९७ मिमी उंच असतं. चारही बाजूंना २० मिमी समास सोडला की मजकुराला १७० बाय २५७ मिमी जागा उरते. मराठी मजकूर १४ पॉइंटमध्ये आणि ओळींतलं अंतर २० पॉइंट ठेवून लावला, तर एक ओळ साधारण ७ मिमी घेते. म्हणजे पानावर ३६ ओळी बसतात. पण त्या सगळ्या आपल्या नसतात. शीर्षक आणि सत्कारमूर्तींचं नाव मिळून ५ ओळी जातात, ४५ मिमी उंचीचा फोटो आणि त्याभोवतीची मोकळी जागा ८ ओळी खाते, खाली लेखकाचं नाव-पद ४ ओळी घेतं आणि परिच्छेदांमधल्या फटींत आणखी २ जातात. उरतात १७ ओळी. ओळीत १२-१३ शब्द धरले तर हिशेब २०० ते २२० शब्दांवर येतो.

हे आकडे प्रत्येक स्मरणिकेला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. आकार लहान असेल, चौकट असेल, फोटो मोठा असेल तर जागा आणखी कमी होते. खात्रीचा उपाय असा: संपादक मंडळाकडून आधीच्या अंकातलं किंवा तयार झालेलं एखादं संदेशाचं पान मागवा, त्यातल्या सलग पाच ओळींतले शब्द मोजा, पाचाने भागा आणि आलेल्या संख्येला मजकुराच्या ओळींनी गुणा. त्यातून दहा टक्के वजा करा. ही राखीव जागा जोडाक्षरांनी भरलेल्या लांब शब्दांसाठी लागते, कारण मराठी शब्द ओळीच्या शेवटी सहसा तोडले जात नाहीत. लांब शब्द अख्खाच्या अख्खा खालच्या ओळीत उतरतो.

मजकूर जास्त झाला की मांडणी करणारा तीनपैकी एक गोष्ट करतो. अक्षर १४ वरून ११ वर आणतो, ओळींतलं अंतर कमी करतो, किंवा खालून कापतो. देवनागरीत दुसरा मार्ग फार लवकर अंगाशी येतो, कारण वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतल्या मात्रा, वेलांट्या एकमेकींना टेकायला लागतात. १४ पॉइंटच्या अक्षराला १८ पॉइंटपेक्षा कमी अंतर दिलेलं पान लगेच ओळखू येतं: सगळं राखाडी, गिचमिड दिसतं. कापाकापी झाली तर जातो तो शेवट, आणि नेमका तोच लक्षात राहायला हवा असतो. तेव्हा कात्री दुसऱ्याच्या हातात जाऊच देऊ नका.

पहिला परिच्छेद कुणालाही चालेल असा असणं

ग्रंथपाल बाईंसाठी हमखास येणारी सुरुवात अशी असते:

"बाई म्हणजे मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष आणि हसतमुख व्यक्तिमत्त्व. आपल्या प्रदीर्घ सेवेत त्यांनी विद्यार्थ्यांच्या जडणघडणीत मोलाचं योगदान दिलं. त्यांच्या कार्याचा गौरव करताना आम्हाला अतिशय आनंद होत आहे."

वाक्यांत खोटं काही नाही. पण इथे "बाई"च्या जागी शिपायाचं, मुख्याध्यापकांचं किंवा दुसऱ्या कुठल्या शिक्षकाचं नाव घातलं तरी एक अक्षर बदलावं लागत नाही. ही चाचणी प्रत्येक वाक्याला लावा: नाव बदलून वाक्य तसंच उभं राहिलं तर ते काढा. स्मरणिकेत असे पंधरा-वीस संदेश एकापाठोपाठ छापलेले असतात. "कर्तव्यदक्ष" हा शब्द वाचकाने आधीच्या चार पानांवर वाचलेला असतो, त्यामुळे पाचव्या पानावर तो कुणाच्या नजरेतच येत नाही.

विशेषणं काढल्यावर रिकामी वाटणारी जागा भरण्यासाठी नोकरीचा तपशील घालायचा मोह होतो: कधी रुजू झाल्या, कोणती पदवी, कोणते पुरस्कार. तोही टाळा. परिचयाचं पान स्मरणिकेत वेगळं असतंच. तिथली माहिती संदेशात पुन्हा आली तर ५०-६० शब्द, म्हणजे पानाचा चौथा हिस्सा, वाया जातो. एखादं वर्ष लागलंच तर एकच घ्या, आणि तेही प्रसंगासाठी.

अनेक आठवणी थोडक्यात सांगणं

दोनशे शब्दांत चार आठवणी बसवल्या तर प्रत्येकीला पन्नास शब्द मिळतात आणि एकही उभी राहत नाही. एकच निवडा. निवडताना त्यात तीन गोष्टी आहेत का ते पाहा: हातात धरता येईल अशी एखादी वस्तू, त्या व्यक्तीने स्वतः केलेली कृती आणि तिच्या तोंडचं एक वाक्य. बाईंबद्दल असा प्रसंग आहे, असं धरू. त्यावरून लिहिलेली सुरुवात:

"पावसात भिजलेलं पुस्तक घेऊन सातवीतला मुलगा काउंटरपाशी उभा होता. दंडाचे पैसे त्याने मुठीत आवळून धरले होते. बाईंनी ते घेतले नाहीत. 'दंड भरून पुस्तक वाळत नाही, ये, पानं वेगळी करू,' म्हणाल्या आणि टीपकागदाचा गठ्ठा काढला. दोघांनी मधल्या सुट्टीत पानांच्या मध्ये एकेक टीपकागद सरकवला. ओले झालेले कागद बाई रोज बदलत राहिल्या. पानं जवळजवळ सुकल्यावर त्यांनी पुस्तकावर दोन जाडजूड शब्दकोश वजनाला ठेवले."

यात एकही विशेषण बाईंना दिलेलं नाही, तरी त्या मुलाशी आणि पुस्तकाशी कशा वागत हे कळतं. "प्रेमळ" लिहायची गरज उरत नाही. मजकूर सुमारे साठ शब्दांचा आहे, म्हणजे पाच ओळी.

यानंतर लगेच अर्थ सांगू नका. "यावरून त्यांचं पुस्तकप्रेम दिसून येतं" हे वाक्य आलं की वरच्या साठ शब्दांचा जोर उतरतो. त्याऐवजी त्याच धाग्याने एक पाऊल पुढे जा: फाटलेली पुस्तकं शिवण्याची सुई त्यांच्या खणात कायम असे, उशिरा परत आलेल्या पुस्तकाचं कार्ड त्या कसं भरत, असा सवयीचा तपशील सत्तर-ऐंशी शब्दांत द्या. प्रसंग एका दिवसाचा असतो. सवयीमुळे त्याला ३१ वर्षांचं वजन येतं.

प्रसंग दुसऱ्याकडून ऐकलेला असेल तर तो घडला तेव्हा हजर असणाऱ्या एका माणसाकडून तपासून घ्या. तोंडचं वाक्य नीट आठवत नसेल तर अवतरणचिन्हं काढून आशय सांगा. छापलेलं वाक्य सत्कारमूर्ती स्वतः वाचणार आहेत. "मी असं कधी म्हणालेच नाही" हे त्यांच्या मनात येणं त्यांना आणि आपल्यालाही लागेल. विद्यार्थ्याचं नाव मात्र त्याला विचारल्याशिवाय देऊ नका.

शेवटी शुभेच्छांची रांग लावणं

"दीर्घायुष्य लाभो, उत्तम आरोग्य लाभो, भावी वाटचाल सुखाची होवो" या तीन इच्छा मनापासूनच येतात. पण त्या शेवटच्या ओळीत आल्या की वाचकाच्या मनात उरते ती ठरावीक भाषा. शुभेच्छा एकच ठेवा आणि ती शेवटून दुसऱ्या जागी आणा. शेवटची ओळ सुरुवातीच्या वस्तूकडे परत नेणारी असावी:

"बाई, आता वाचायला भरपूर वेळ मिळो. ते पुस्तक तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशीही तिसऱ्या कपाटात होतं. पानं थोडी फुगली आहेत, सुटलेलं मात्र एकही नाही."

"त्या दिवशीही" असं मुद्दाम लिहिलं आहे. "आजही", "यंदा", "नुकतंच", "गेल्या महिन्यात" हे शब्द लिहिताना बरोबर असतात, पण स्मरणिका कपाटात दहा वर्षं राहते आणि तेव्हा त्यांचा संदर्भ लागत नाही. काळही सांभाळा. व्यक्ती हयात आहे आणि फक्त नोकरीतून निवृत्त होत आहे, तर "त्या फार शिस्तीच्या होत्या" हे वाक्य श्रद्धांजलीसारखं वाचलं जातं. स्वभावाला वर्तमानकाळ, नोकरीतल्या घटनांना भूतकाळ.

मजकूर चांगला, फाईल बिघडलेली

अनेक छपाई-कार्यालयांत अजून जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये मांडणी होते. आपण मोबाईलवर युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर तिथे रूपांतरित करावा लागतो आणि त्यात काही अक्षरं हमखास हलतात: "किनाऱ्यावर"मधला ऱ्य, "विद्यार्थी"मधला रफार, "ॲ" आणि "ऑ", जोडाक्षरावरची ऱ्हस्व वेलांटी. म्हणून मजकुराच्या फाईलबरोबर त्याचीच पीडीएफ पाठवा. मूळ शब्द कसा होता ते जुळवणाऱ्याला त्यात दिसतं. फोटो ३५ बाय ४५ मिमी छापायचा असेल तर किमान ४१५ बाय ५३५ पिक्सेलचा हवा. मेसेजमधून फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, त्यामुळे डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

प्रूफ मागून घ्याच, आणि ते पडद्यावर न वाचता कागदावर वाचा. आधी सत्कारमूर्तींचं नाव एकेक अक्षर बोट ठेवून पाहा, मग आपलं नाव आणि पद, मग आकडे. त्यानंतर ऱ्य, रफार, ॲ, ऑ अशी वर दिलेली धोक्याची अक्षरं शोधा. सर्वात शेवटी पानाचा तळ बघा: तुमची शेवटची ओळ तिथे आहे ना, आणि तिच्याखाली सहीआधी एक ओळभर तरी मोकळी जागा उरली आहे ना.