नवीन माणूस ठेवताय? आधी विशेष भत्ता बघा

सांगलीच्या गणपती पेठेत माझं भांड्यांचं दुकान आहे, कामाला तिघं. माणसं कमी असली की दुकान कायद्याखाली फक्त ऑनलाइन माहिती द्यावी लागते, एवढं ऐकून मी निवांत होतो. पण किमान वेतन माणसं मोजत नाही. एकच पोऱ्या असला तरी ते लागू होतं.

म्हणून पगार ठरवायच्या आधी कामगार आयुक्तांच्या mahakamgar.maharashtra.gov.in वरून 'दुकाने व वाणिज्यिक आस्थापना' यांचा दरतक्ता काढा. त्यात आपलं परिमंडळ बघा. सांगलीचा महापालिकेचा दर वेगळा, तासगावचा वेगळा, त्यामुळं तिथल्या पाहुण्याचा आकडा उचलू नका. माणूस कुशल, अर्धकुशल की अकुशल तेही बघा. मग मूळ वेतनात विशेष भत्ता, म्हणजे महागाईप्रमाणे बदलणारी रक्कम, मिळवा. मी इथंच फसलो. मूळ वेतन वर्षानुवर्षं तेच राहतं, विशेष भत्ता मात्र दर सहा महिन्यांनी बदलतो, जानेवारीत आणि जुलैत. मी आपला दिवाळीला एकदाच पगार वाढवायचो.

झालं काय ते सांगतो. डिसेंबरात पगार दराला बरोबर होता. जानेवारीत दर 300 रुपयांनी वाढला, जुलैत आणखी 350 नी. मी जागचा हललो नाही. पहिले सहा महिने 300 प्रमाणे 1,800, पुढचे सहा 650 प्रमाणे 3,900, म्हणजे माणशी 5,700 आणि तिघांचे 17,100. सगळे एकरकमी भरले. प्रकरण दाव्यापर्यंत गेलं असतं तर फरकावर दहापटीपर्यंत भरपाई बसू शकते. परिपत्रक उशिरा येतं, पण भत्ता लागू होतो 1 तारखेपासूनच, मागचा फरक द्यावा लागतो. कॅलेंडरवर 1 जानेवारी आणि 1 जुलै लाल करा. आत्ताच करा, मी 'नंतर बघू' म्हणालो होतो.

रोजंदारीवाल्याचा रोज काढताना महिन्याच्या दराला 26 नी भागायचं, 30 नी नाही. समजा दर 13,000 आहे, तर रोज 500 आणि तासाला साडेबासष्ट. जादा काम दुप्पट दरानं, म्हणजे तासाला 125. सणाला रात्री थांबवून नुसता वडापाव दिला म्हणजे झालं असं नाही.

आठवड्याचे तास 48 च्या आत. दुकान सातही दिवस उघडं ठेवा हवं तर, पण प्रत्येकाला सलग 24 तासांची सुट्टी पाहिजे. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, ते लिहून भिंतीवर लावा. दिवाळीत सुट्टी बुडाली तर दोन महिन्यांत बदली द्या. तारीख वहीत टाका, नाहीतर विसरता.

दुकान कायदा पूर्ण लागू असेल तर वर्षाला 8 नैमित्तिक रजा आणि 8 पगारी सणसुट्ट्या, त्यातल्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर ठरलेल्या. पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत. हजेरी, पगारपत्रकावर सही. पत्रकात विशेष भत्त्याचा रकाना वेगळा ठेवा.