‘लाइट’ म्हणजे हलका, फिकट की टॉर्च? मजकुराची फाइल मराठी भाषांतराला देण्यापूर्वीची तयारी

पावसाचा आणि पुराचा इशारा देणारं ॲप इंग्रजीत तयार आहे, त्याची मराठी आवृत्ती काढायची आहे आणि मजकुराची फाइल दोन दिवसांत भाषांतरकाराकडे जायची आहे, असं धरून ही यादी केली आहे. फाइलमधली पूर्ण वाक्यं फारसा त्रास देत नाहीत, कारण वाक्यातले बाकीचे शब्दच अर्थ सांगून जातात. अडचण येते ती एकट्यादुकट्या शब्दांची. म्हणून सुरुवात अशी करा: सगळ्या ओळी लांबीनुसार लावून घ्या आणि एक-दोन शब्दांच्या ओळी वेगळ्या काढा. पुढची जवळजवळ सगळी तयारी याच ओळींची आहे.

आपल्या ॲपमध्ये ‘लाइट’ हा शब्द चार ठिकाणी आहे. पावसाचा जोर सांगताना, वाऱ्याचा वेग सांगताना, सेटिंगमध्ये रंगसंगती निवडताना आणि आणीबाणीच्या पानावरच्या बटणावर. मराठीत हे चार वेगळे शब्द होतात: हलका, मंद, फिकट आणि टॉर्च. ‘बँक’ तीन ठिकाणी आहे: नदीचा काठ, धुक्याचा पट्टा आणि पूरग्रस्तांसाठी मदत पाठवायचं बँक खातं. असा प्रत्येक शब्द कुठे कुठे आलाय ते कागदावर मांडून घ्या. एका शब्दासमोर एकापेक्षा जास्त जागा आल्या की त्यावर खूण करा.

आता फाइल उघडून बघा. कोडमधून भाषांतराचा मजकूर काढणारं गेटटेक्स्ट वापरत असाल तर इथेच पहिला खड्डा आहे. कोडमध्ये चार ठिकाणी ‘लाइट’ लिहिलं असलं तरी फाइल तयार होताना त्या चारांची एकच नोंद होते, कारण इंग्रजी मजकूर अक्षरशः सारखा आहे. भाषांतरकारासमोर एकच रिकामी चौकट येते. त्याने कितीही विचार करून शब्द टाकला तरी तो उरलेल्या तीन ठिकाणी चुकणारच, आणि ही चूक त्याची नसते. ओळखायची खूण सोपी आहे: नोंदीच्या वर `#:` ने सुरू होणाऱ्या ओळीत एकापेक्षा जास्त ठिकाणं दिसली आणि खाली शब्द एकच असला, तर ती नोंद संशयास्पद समजा.

उपाय म्हणजे अर्थागणिक वेगळी नोंद. त्यासाठी कोडमध्ये साध्या कॉलऐवजी, वर भाषांतरकारासाठी टीप लिहून, संदर्भासकट कॉल वापरायचा. पायथनमध्ये तो 3.8 आवृत्तीपासून आहे.

```
# TRANSLATORS: App colour theme; other choice is "Dark".
label = pgettext("theme", "Light")
```

फाइल काढताना या कॉलची आणि टिपेची दोन्हींची दखल घ्यायला सांगा:

```
xgettext --add-comments=TRANSLATORS --keyword=pgettext:1c,2 app.py
```

टीप कॉलच्या लगेच वरच्या ओळीत हवी. मध्ये दुसरी ओळ आली तर ती फाइलमध्ये उतरत नाही, आणि ही गोष्ट कोड वाचून लक्षात येत नाही, तयार फाइल उघडूनच कळते. सगळं नीट झालं असेल तर नोंदी अशा दिसतील:

```
#. TRANSLATORS: Rain intensity, 2.5 to 15.5 mm in 24 hours.
msgctxt "rain intensity"
msgid "Light"
msgstr ""

#. TRANSLATORS: App colour theme; other choice is "Dark".
msgctxt "theme"
msgid "Light"
msgstr ""
```

यात `msgctxt` आणि टीप यांची कामं वेगळी आहेत, ती एकमेकांत मिसळू नका. `msgctxt` हे नोंदीचं ओळखपत्र आहे. ते दोन-तीन शब्दांत ठेवा आणि एकदा ठरलं की बदलू नका. ते बदललं की गेटटेक्स्टच्या लेखी ती नवी नोंद होते. जुनं मराठी भाषांतर फार तर ‘फझी’ म्हणजे पुन्हा तपासायचं म्हणून उरतं, फझी नोंदी अंतिम फाइलमध्ये जात नाहीत, आणि मराठी पडद्यावर अचानक इंग्रजी शब्द उगवतो. समजावून सांगायचं ते सगळं टिपेत लिहा. ती कितीही वेळा सुधारली तरी भाषांतराला धक्का लागत नाही.

टिपेत काय लिहायचं यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. ‘सेटिंगच्या पानावरचा शब्द’ एवढी टीप असून नसल्यासारखी आहे. आधी शब्द काय काम करतो ते सांगा: नाम, विशेषण की आज्ञा. ‘ओपन’ हे बटण असेल तर ‘उघडा’, आणि निवारा केंद्राची स्थिती असेल तर ‘सुरू आहे’. मग त्या शब्दाची भावंडं सांगा, म्हणजे त्याच यादीत आणखी कोणते पर्याय आहेत ते. पावसाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण तिथे शब्दाचा अर्थ मोजपट्टीवरच्या जागेवरून ठरतो. भारतीय हवामान विभागाच्या मापात 24 तासांत 2.5 ते 15.5 मिलिमीटर म्हणजे हलका पाऊस, 15.6 ते 64.4 म्हणजे मध्यम, 64.5 ते 115.5 म्हणजे मुसळधार, आणि त्यापुढे 204.4 पर्यंत अतिमुसळधार. ही पट्टी टिपेत एकत्र दिली की भाषांतरकार ‘हेवी’साठी ‘जड’ लिहिणार नाही, आणि ‘मुसळधार’ हा शब्द एक पायरी आधी खर्चून टाकणार नाही. पर्याय सुटे सुटे, फाइलमध्ये शंभर ओळींच्या अंतरावर दिले, तर नेमकं हेच घडतं.

यानंतर मराठीपुरती एक खास गोष्ट तपासा, ती म्हणजे लिंग. इंग्रजीत ‘लाइट’ पाऊस, सर, धुकं या सगळ्यांपुढे तसाच राहतो. मराठीत पाऊस हलका, सर हलकी, आणि धुक्यासाठी तर शब्दच बदलून ‘विरळ’ होतो. कोडमध्ये जोराचा शब्द आणि हवामानाचा शब्द वेगवेगळे ठेवून पडद्यावर जोडले जात असतील, तर कितीही सविस्तर टीप लिहिली तरी उपयोग नाही, कारण भाषांतरकाराच्या हातात विशेषण एकदाच येतं. तिथे जोडाजोड मोडून ‘लाइट रेन’, ‘लाइट फॉग’ अशा पूर्ण नोंदी करा. नोंदी वाढतील, पण मराठी बरोबर येईल. जिथे विशेषण एकटंच ठेवणं भाग आहे तिथे ते कोणत्या नामाला लागतं ते टिपेत लिहा.

गावाच्या नावाची जागा रिकामी ठेवली असेल तर तिथेही हाच विचार करा. ‘पुणे’ला ‘जवळ’ लागलं की ‘पुण्याजवळ’ होतं, पण संगणक ‘पुणेजवळ’ छापतो. त्या जागी गावाचं नाव येणार आहे हे टिपेत असेल तर भाषांतरकार ‘पुणे परिसरात’ अशी रचना निवडू शकतो. त्यात नावाला हात लावावा लागत नाही.

‘बँक’कडे वळताना नकाशा जवळ ठेवा. ‘लेफ्ट बँक’ म्हणजे प्रवाहाच्या दिशेने तोंड करून उभं राहिल्यावर डाव्या हाताला येणारा काठ. टिपेत हे लिहाच, कारण नकाशावर तो काठ उजवीकडे दिसू शकतो आणि भाषांतरकाराच्या मनात शंका येते. शिवाय ‘लेफ्ट’ हा शब्द स्वतःच दुतोंडी आहे; ‘उरलेला वेळ’ दाखवणारी ओळ फाइलमध्ये असेल तर तिचीही नोंद वेगळी हवी. ‘राइट बँक कॅनॉल’ असं कालव्याचं नाव असेल तर मराठीत ‘काठ’ मुळी येतच नाही, आपल्याकडे ‘मुठा उजवा कालवा’ म्हणतात. तेव्हा हे कालव्याचं नाव आहे की काठावरची वस्ती आहे, ते स्पष्ट करा.

नदीच्या स्थितीचा शब्द सगळ्यात नाजूक आहे. ‘बँक फुल’ ही ओळ एकटी दिली तर ‘बँक पूर्ण’ असंही परत येऊ शकतं. पात्र भरल्याची स्थिती आहे असं सांगितलं की मराठीत ‘काठोकाठ’ आणि ‘दुथडी भरून’ असे नेमके शब्द तयार आहेत. पण तेवढ्यावर थांबू नका. ‘इशारा पातळी’ आणि ‘धोका पातळी’ या ठरलेल्या संज्ञा आहेत. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ त्या 40 आणि 45 फूट आहेत, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ 39 आणि 43 फूट. तुमची ‘बँक फुल’ ही स्थिती या पातळ्यांशी जोडलेली आहे की नुसतं डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन आहे, हे टिपेत नसेल तर भाषांतरकार तिथे ‘धोका पातळी’ लिहून बसेल, आणि नदीकाठचे लोक त्या दोन शब्दांवर घर सोडतात.

पडद्याची चित्रं जरूर जोडा, पण टिपांच्या जागी नको. चित्रावरून शब्द कुठे आहे ते कळतं, लिंग कळत नाही आणि बटण दाबल्यावर काय होतं तेही कळत नाही. चित्रात तो शब्द चौकट करून दाखवा आणि यादी असेल तर ती उघडलेल्या अवस्थेत टिपा, म्हणजे भावंडं दिसतील.

भाषांतराचं साधन जुनी भाषांतरं आपोआप भरत असेल तर ती सोय एका शब्दाच्या ओळींसाठी बंद करा, किंवा संदर्भही जुळला तरच भरायला सांगा. नाहीतर पावसासाठी लिहिलेलं ‘हलका’ शंभर टक्के जुळणी म्हणून सेटिंगमध्ये जाऊन बसतं आणि पडद्यावर ‘थीम: हलका’ दिसतं. भाषांतर परत आल्यावर सारख्या `msgid` च्या नोंदी शेजारी शेजारी लावून बघा. `msgctxt` वेगळं असूनही मराठी तंतोतंत सारखं असेल तर ते मुद्दाम ठेवलंय की आपोआप भरलं गेलंय, ते विचारा.

पाठवण्याआधी फाइल अशा माणसाला दाखवा ज्याने ॲप पाहिलेलं नाही. तो मराठी भाषक असावाच असं नाही. एकेक छोटी ओळ आणि तिची टीप वाचून हा शब्द कुठे दिसेल आणि त्याचा अर्थ काय, हे त्याने सांगायचं. जिथे तो अडखळेल तिथली टीप पुन्हा लिहा. भाषांतरकाराने नंतर विचारलेल्या प्रत्येक शंकेचं उत्तर फोनवर किंवा मेलवर देऊन सोडू नका, कोडमधल्या टिपेतही घाला, म्हणजे पुढच्या महिन्यात कोंकणी किंवा गुजराती आवृत्ती करणाऱ्याच्या फाइलमध्ये ते आधीच असेल.