लांब एचडीएमआय केबल टाकताना या चुका टाळा

धरमपेठेतल्या एका कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये नवा फोर-के प्रोजेक्टर लागला. पोडियमपासून सरळ अंतर भरलं ८ मीटर, म्हणून १० मीटरची केबल आणली. पण केबल हवेतून जात नाही. भिंतीपर्यंत ३ मीटर, भिंतीवरून वर ३, फॉल्स सीलिंगमधून ७, खाली १ आणि दोन्ही टोकांना मिळून १ मीटर ढील धरली की झाले १५. मग कपलर लावून ५ मीटरचा तुकडा जोडला गेला. पडद्यावर पांढरे ठिपके चमकायचे आणि मधूनच एक-दोन सेकंद सगळं काळं व्हायचं.

सगळे प्रोजेक्टरलाच दोष देत होते. तपासणी मात्र सोपी आहे: लॅपटॉपचं रिझोल्यूशन १०८०पी, ६० हर्ट्झवर आणा. चित्र स्थिर झालं, तर बहुधा केबल कमी पडतेय. १०८०पीला सेकंदाला साधारण ४.५ गिगाबिट लागतात, फोर-के ६० हर्ट्झला जवळपास १८. वेग वाढला की तांब्यात सिग्नल लवकर क्षीण होतो, आणि प्रत्येक जोडावर थोडा आणखी मार खातो. म्हणून चांगली जाड साधी केबल १०८०पी १० ते १५ मीटर नेते, पण फोर-के ६० हर्ट्झसाठी ५ मीटरच्या पुढे तिच्यावर भरवसा ठेवू नये. ‘गोल्ड प्लेटेड’ लिहिलेलं असलं तरी हे अंतर वाढत नाही.

त्या हॉलमध्ये शेवटी १५ मीटरची अखंड ऑप्टिकल एचडीएमआय केबल टाकली. इथे नवीन चुका होतात. ही केबल एकाच दिशेने चालते: ‘Source’ टोक लॅपटॉपकडे, ‘Display’ टोक प्रोजेक्टरकडे. उलट लावली तर चित्र येतच नाही, आणि पाइपातून ओढून झाल्यावर ते कळलं तर संध्याकाळ गेली समजा. त्यामुळे आधी जमिनीवर पसरून चालवून बघा. ओढताना प्लगला धरू नका आणि कोपऱ्यात काटकोनात दुमडू नका. आतली काच तुटते. काही लॅपटॉपचा पोर्ट केबलला पुरेशी वीज देत नाही, तेव्हा यूएसबीतून वेगळी वीज घेणारी केबल लागते.

कॅमेऱ्याच्या नेटवर्क केबलची गोष्ट थोडी निराळी. तिची मर्यादा १०० मीटर: ९० मीटर पक्की केबल आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड मिळून १०. हा हिशेब २० अंश तापमानाचा आहे. मे महिन्यात आपल्याकडे गच्चीवरच्या पाइपात केबल ६० अंशांवर गेली, तर साध्या यूटीपीचे ते ९० मीटर ७५ वर येतात. एप्रिलपर्यंत नीट चालणारा कॅमेरा भर दुपारी बंद पडून रात्री आपोआप सुरू होत असेल, तर कॅमेरा बदलण्याआधी केबलची लांबी मोजा. ती ७५ मीटरहून जास्त असेल तर मध्ये सावलीत स्विच बसवा. दोन इमारतींमध्ये जायचं असेल तर सरळ फायबर टाका, म्हणजे पावसाळ्यात वीज पडली तरी केबलवाटे ती दुसऱ्या इमारतीतल्या स्विचपर्यंत पोचणार नाही.