ईस्टरपासून पुढे मोजायची तयारी, २०२७ साठी

सगळ्यात आधी ईस्टरची तारीख चर्चच्या कॅलेंडरमधून घ्या, २०२७ ला ती २८ मार्च आहे, ती स्वतः काढत बसू नका, चंद्राचा हिशोब आपला नाही. पुढचं मात्र घरी होतं, कारण स्वर्गारोहण हा चाळिसावा दिवस आणि पेन्टेकॉस्ट पन्नासावा, ईस्टर कधीही आला तरी यात बदल नाही.

चूक होते ती इथेच. गेल्या वेळी आमच्या ग्रुपमध्ये कुणीतरी मोबाईलवर सरळ ४० दिवस मिळवले आणि मेसेज गेला शुक्रवारचा 😅 ईस्टरचा रविवार हाच पहिला दिवस धरायचा, म्हणजे मिळवायचे ३९ आणि ४९. आपण नाही का बोलत, आठ दिवसांनी भेटू, आणि भेटतो त्याच वारी, किंवा पंधरा दिवस म्हणतो पण असतात दोनच आठवडे, तसंच पन्नास दिवस म्हणजे सात आठवडे, रविवार ते रविवार. एक्सेलमध्ये करत असाल तर A1 मध्ये ईस्टरची तारीख टाकून हे दोन:

```
=A1+39
=A1+49
```

उत्तर येईल ६ मे आणि १६ मे. आता वार बघाच, पहिला गुरुवार आणि दुसरा रविवार आला पाहिजे, शुक्रवार-सोमवार आले तर एक दिवस जास्त मोजलाय, बाकी कुठे चूक शोधू नका. लेंटच्या चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत, ती सवय इथे नको, इथे रविवार धरूनच मोजायचं.

मग नोव्हेना. पवित्र आत्म्याची नऊ दिवसांची प्रार्थना गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि पेन्टेकॉस्टच्या आदल्या दिवशी संपते, म्हणजे शुक्रवार ७ मे ते शनिवार १५ मे, बोटांवर मोजा, बरोबर नऊ भरतात. आपल्याकडे कॅथलिक चर्चमध्ये स्वर्गारोहणाची मिस्सा पुढच्या रविवारी घेतात, म्हणजे ९ मे, आणि तिथेच लोक गडबडतात, त्या रविवारनंतर नोव्हेना धरली तर सहाच दिवस उरतात. मिस्सा पुढे सरकली तरी मोजणी सरकत नाही, नोव्हेना शुक्रवारीच सुरू करायची. आणि मे महिना आहे, अर्धी मंडळी गावाला असणार, त्यामुळे नऊ दिवसांची वाचणारी माणसं एप्रिलमध्येच ठरवून ठेवा.

१६ तारखेला वेदीवर लाल कापड आणि फादरांचा लाल झगा, हे धुवून-इस्त्री करून तयार पाहिजे. ईस्टरची मोठी मेणबत्ती त्या दिवसापर्यंत वेदीजवळच राहते, त्या दिवसाच्या प्रार्थना संपल्या की बाप्तिस्म्याच्या जागेपाशी न्यायची, ती आधीच कुणी उचलू नये.

२०२७ ला पावसाची चिंता नाही. २०३८ ला ईस्टर २५ एप्रिलला, सगळ्यात उशिराचा, ४९ मिळवा, पेन्टेकॉस्ट १३ जूनला येतो. त्या वर्षी अंगणात मांडव नको, हॉल बुक करा.