नर्सिंग प्रॅक्टिकल: बीपी मोजताना गुण घालवणाऱ्या या चुका टाळा

नर्सिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये रक्तदाब मोजणे ही प्रोसिजर सोपी समजली जाते आणि म्हणूनच तिची तालीम अर्धवट होते. सोलापुरात हॉस्टेलवर राहणाऱ्या मुली रात्री चेकलिस्ट हातात घेऊन पायऱ्या एकमेकींना म्हणून दाखवतात, परंतु पाठ म्हणताना हात मोकळे असतात. परीक्षेत मात्र एका हाताने स्टेथोस्कोपची डायफ्राम धरून दुसऱ्या हाताने व्हॉल्व फिरवायचा असतो, आणि तिथेच क्रम विस्कटतो. चेकलिस्ट वाचण्यापेक्षा तिघींनी मिळून तालीम करावी: एक रुग्ण, एक विद्यार्थिनी आणि एक परीक्षक. परीक्षक झालेल्या मुलीने एकही शब्द सुचवू नये आणि जे तिला प्रत्यक्ष दिसले किंवा ऐकू आले, त्याच्याच पुढे खूण करावी. हात धुणे, रुग्णाची ओळख पटवणे, काटा शून्यावर आहे का ते पाहणे, या गोष्टी 'केल्याच होत्या' असे नंतर सांगून गुण मिळत नाहीत.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे नाडीवरून अंदाज घेण्याची पायरी गाळणे. समजा, रुग्णाचा सिस्टोलिक दाब 172 आहे आणि 160 ते 138 या टप्प्यात आवाज काही काळ नाहीसे होतात. काही रुग्णांमध्ये अशी पोकळी आढळते आणि तिला ऑस्कल्टेटरी गॅप म्हणतात. विद्यार्थिनीने सवयीने कफ 150 पर्यंतच फुगवला, तर सुरुवातीला शांतता असेल, पहिला आवाज 138 वर येईल आणि ती आत्मविश्वासाने 138/90 लिहून मोकळी होईल. तिच्या हातात कुठेही अडखळणे दिसणार नाही, तरीही आकडा 34 ने चुकलेला असेल. मनगटावरची नाडी चाचपत कफ फुगवला असता, तर ती 170 च्या आसपास नाहीशी झाली असती; मग पूर्ण हवा सोडून, अर्धा ते एक मिनिट थांबून, त्या आकड्याच्या 30 वर म्हणजे 200 पर्यंत फुगवल्यावर खरा पहिला आवाज हुकला नसता. त्यानंतर हवा दर सेकंदाला 2 ते 3 मिलिमीटर या गतीने सोडावी. पहिला आवाज सिस्टोलिक आणि आवाज पूर्ण थांबतो तो डायस्टोलिक. काटा भरकन खाली गेला, तर दोन्ही आकडे निसटतात.

तालमीत मैत्रिणीचा दंड सडपातळ असतो, परीक्षेत समोर कोण येईल ते सांगता येत नाही. कफ लहान पडला किंवा हात हृदयाच्या पातळीखाली लोंबत राहिला, तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. दंड बाहीत अडकला असेल तर बाही नुसती वर गुंडाळू नये, हात बाहेर काढावा. कफची खालची कड कोपराच्या खळीपासून साधारण 2 ते 3 सेंटीमीटर वर राहावी.

आता बोलण्याविषयी. पाठांतर केलेली विद्यार्थिनी प्रत्येक कृतीचे समालोचन करत राहते, आणि कानात स्टेथोस्कोप असतानाही बोलते; त्यात तिचे स्वतःचे ऐकणे बुडते आणि रुग्णही उत्तर देऊ लागतो, ज्याने दाब वाढतो. माहिती आधी द्यावी, मोजताना शांत राहावे, आकडा शेवटी सांगावा. रुग्णाशी बोलताना "मावशी, दंडाला पट्टा बांधते, थोडा आवळल्यासारखा वाटेल, तेवढा वेळ बोलू नका" एवढे पुरे. सोलापूरच्या वॉर्डात तेलुगू किंवा कन्नड बोलणारे रुग्ण नेहमीच असतात; त्यांच्यासाठी हाताच्या खुणेने दाखवून समजले का ते विचारावे, घाईघाईने मान डोलावणे म्हणजे संमती समजू नये.

हवा सोडत असताना परीक्षकांनी प्रश्न विचारला, तर गोंधळून व्हॉल्व बंद करू नये. "मॅडम, रीडिंग पूर्ण करून सांगते" हे वाक्य शांतपणे, एकदाच म्हणावे. यात उद्धटपणा नाही. आवाज हुकला, तर मधूनच पुन्हा पंप मारण्याचा मोह होतो, कारण तसे कोणाच्या लक्षात येणार नाही असे वाटते. शिकवणाऱ्या सिस्टरच्या ते लगेच लक्षात येते. शिवाय अर्धवट फुगलेल्या कफमुळे शिरांत रक्त साचून पुढचे रीडिंग बिघडते. अशा वेळी हवा पूर्ण सोडावी, "पहिला आवाज स्पष्ट ऐकू आला नाही, एक मिनिट थांबून पुन्हा घेते" असे सांगावे आणि खरोखरच मिनिटभर थांबावे. दुसऱ्यांदाही ऐकू आले नाही, तर प्रथम इअरपीसची दिशा पुढे आहे का आणि डायफ्राम ब्रेकियल धमनीवर आहे का, हे तपासावे. अंदाजे 120/80 लिहिणे हा मार्ग नव्हे. या प्रसंगाचीही तालीम करायची असते, म्हणून परीक्षक झालेल्या मैत्रिणीने एकदा मुद्दाम मध्येच प्रश्न विचारावा आणि पंखा पूर्ण वेगाने लावावा.